स्मिता पाटील ८७ टक्के, आणि घरचे म्हणतात 'छे!'

प्रश्न: आपण कुठल्या नटनटीसारखे दिसतो ते सांगणाऱ्या एका ॲपमध्ये फोटो टाकला तर स्मिता पाटील ८७% आली, दुसरा फोटो टाकला तर कुठलीतरी कोरियन अभिनेत्री. कॉलेजात दोघी-तिघी 'हो गं, स्मिता पाटीलच' म्हणाल्या, घरचे मात्र हसले. खरं कोण? आणि माणसं नक्की काय बघून 'सारखं दिसतं' म्हणतात?

उत्तर:

माझा फोटो स्टुडिओ आहे, त्यामुळे 'दादा, मी अमक्यासारखा दिसतो ना?' हे वाक्य महिन्यातून चार वेळा तरी कानावर येतं. तुमच्या मैत्रिणी आणि घरचे दोघेही खरं बोलताहेत. ॲपचा प्रकार वेगळा आहे, तो आधी उरकतो.

ॲप फोटोतला चेहरा शोधतं, दोन डोळे, नाकाचं टोक आणि ओठांचे दोन कोपरे अशा पाच खुणा धरून तो सरळ करतं, चौकोनात कापतं आणि त्यातून आकड्यांची एक लांब ओळ काढतं. बऱ्याचदा १२८ किंवा ५१२ आकडे. यादीतल्या प्रत्येक नटनटीची अशीच ओळ आधी काढून ठेवलेली असते. तुमच्या ओळीला ज्याची ओळ सगळ्यात जवळची, त्याचं नाव येतं. मेख इथेच आहे: सगळ्यात जवळचं कोणीतरी असतंच. वर्गात सगळी पोरं पाच फुटाच्या आत असली तरी एक जण सगळ्यात उंच निघतोच, तसं. यादीत तुमच्यासारखं कोणीही नसलं तरी ॲप 'कोणी नाही' म्हणत नाही, कारण तसं म्हटलं तर कोण वापरणार? आणि ८७% म्हणजे शंभरातली ८७ वैशिष्ट्यं जुळली, असं अजिबात नाही. दोन ओळींमधलं अंतर टक्क्यांच्या कपड्यात दाखवलेलं असतं, आणि किती अंतराला किती टक्के म्हणायचं ते ॲपवाल्यानं ठरवलेलं असतं.

आता दुसरा फोटो टाकल्यावर नाव का बदललं? माझा पहिला संशय सेल्फीवर. जवळून काढलेल्या सेल्फीत फोन नाकापासून साधारण ३० सेंटिमीटरवर असतो. कान नाकाच्या टोकापेक्षा १२ सेंटिमीटर मागे धरा, म्हणजे ते ४२ वर. ४२ भागिले ३०, म्हणजे कानाच्या मानानं नाक १.४ पट मोठं उमटलं. तोच फोन दीड मीटरवर ठेवला तर १६२ भागिले १५०, म्हणजे १.०८. दोन्हींत जवळजवळ तीस टक्क्यांचा फरक पडला, आणि चेहरा तोच. २०१८ साली अमेरिकेतल्या प्लास्टिक सर्जरीच्या डॉक्टरांनीही १२ इंच आणि ५ फूट या अंतरांची तुलना करून नाकाबद्दल असाच तीस टक्क्यांचा हिशोब मांडला होता, कारण सेल्फी दाखवून नाक बारीक करून मागणारे त्यांच्याकडे येत होते. जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं, कान मागे लपतात, चेहरा निमुळता होतो. नटनट्यांचे फोटो मात्र बहुतेक दोन-तीन मीटरवरून लांब लेन्सनं काढलेले असतात. (लेन्समुळे चेहरा बदलतो असं आमच्या धंद्यातलेही म्हणतात. बदलतो तो अंतरामुळे. लेन्स फक्त तुम्हाला मागे सरायला लावते.) त्यामुळे सेल्फी आणि स्टुडिओतला फोटो ताडून पाहणं म्हणजे एकाच वजनाला दोन तराजू.

आता माणसांकडे येतो, खरी गंमत तिथे आहे.

माझी भाची गॅदरिंगच्या नाटकासाठी तयार होऊन स्टुडिओत आली होती. मधोमध भांग, मागे घट्ट बांधलेले केस, ठसठशीत कुंकू, सुती साडी, गंभीर चेहरा. समोरच्या दुकानातल्या काकू दारातूनच म्हणाल्या, "अगं बाई, स्मिता पाटील!" मी मुद्दाम लगेच दुसरा फोटो काढला. केस मोकळे करून कपाळावर घेतले, कुंकू पुसलं, दात दिसतील असं हसायला लावलं. तो फोटो काकूंना दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "ही कोण? छान आहे." मग मी पहिल्याच फोटोवर कागद ठेवून केस, कपाळ आणि कानांकडचा भाग झाकला, नुसते डोळे-नाक-ओठ ठेवले. स्मिता पाटील कुठच्या कुठे गेली. पण ताई, म्हणजे तिची आई, तो झाकलेला फोटो बघून म्हणाली, "अरे, ही तर आपली आजी आहे!"

अनोळखी चेहरा बघताना आपण चौकट बघतो: केस कुठून सुरू होतात, भांग कुठे, कपाळ किती, हनुवटीपर्यंतचा घेर कसा. ओळखीचा चेहरा मात्र आपण आतून ओळखतो: डोळे, नाक, ओठ आणि त्यांच्यातली अंतरं. तरीही चौकट ओळखीच्या चेहऱ्यांतही किती फसवते बघा: पवन सिन्हा आणि टोमासो पोजिओ या संशोधकांनी १९९६ साली अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन आणि उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या फोटोवर एक खोडी केली. गोर यांचं डोकं आणि केस तसेच ठेवून आत क्लिंटन यांचे डोळे, नाक, ओठ बसवले. बघणाऱ्यांना नेहमीचेच क्लिंटन आणि गोर दिसले. दोन्ही चेहरे आतून एकच आहेत हे सांगेपर्यंत लक्षातही येत नाही.

तुमच्या मैत्रिणींनी बहुतेक चौकट जुळवली. त्यांच्या डोक्यातली स्मिता पाटीलही दोन-चार गाजलेल्या फोटोंतलीच असणार, भांग-कुंकवासकट. घरच्यांना तुमचा चेहरा आतून पाठ आहे, म्हणून त्यांना ती दिसत नाही.

चौकटीनंतर माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त जुळवल्या जातात त्या भुवया. लोक म्हणतात 'डोळे सारखे', पण बोट भुवईवर असतं: ती किती जाड, डोळ्याच्या किती जवळ, कमान कुठे. सिन्हा यांच्याच गटानं २००३ मध्ये प्रसिद्ध लोकांच्या फोटोंतले कधी डोळे पुसले, तर कधी भुवया. भुवया पुसल्यावर माणसं ओळखणं जास्त अवघड गेलं. पार्लरमध्ये भुवई बदलली की 'कुणासारखी' हेही बदलतं, ते उगाच नाही.

एकाच माणसाचे फोटोही किती वेगवेगळे असतात, त्याचा २०११ चा एक प्रयोग मला फार आवडतो. नेदरलँड्समधल्या दोन प्रसिद्ध व्यक्तींचे प्रत्येकी २० असे ४० फोटो ब्रिटिश लोकांना दिले आणि माणसागणिक गठ्ठे करायला सांगितले. त्यांनी साधारण सात-आठ गठ्ठे केले. त्या दोघींना ओळखणाऱ्या डच लोकांनी जवळपास सगळ्यांनी दोनच केले. जिथे एकाच बाईचे फोटो तीन-चार बायकांचे वाटतात, तिथे दोन बायकांचे दोन फोटो एकीचे वाटले तर नवल ते काय?

खात्री करायचीच असेल तर कुणालातरी दोन मीटरवर उभं करा, फोन डोळ्यांच्या उंचीला, झूम करून, खिडकीच्या उजेडात. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या केशरचनेत पाच फोटो काढा, त्यातला एक दात दाखवून हसतानाचा. पाचही ॲपमध्ये टाका. दर वेळी नवं नाव आलं तर पहिल्या ८७ टक्क्यांना काही अर्थ नव्हता. चारदा तेच आलं, तर ओढणीनं केस आणि कान झाकून सहावा काढा आणि तुम्हाला न ओळखणाऱ्या कुणाला तरी दाखवा. नाव तुम्ही सुचवू नका, 'ही स्मिता पाटीलसारखी दिसते का?' असं विचारलंत की निम्मे लोक हो म्हणणारच.