गहाळ लॅब नको, ग्राल बघा

"सांगलीत आमच्या युनिव्हर्सिटी डिपार्टमेंटमधे पाण्यावर रिसर्चची लॅब होतेय. नाव ठरतंय 'ग्राउंडवॉटर अँड हायड्रॉलॉजी अ‍ॅनालिसिस लॅब'. शॉर्टफॉर्म कसा होईल, नीट बोलता येईल ना?"

बोलता येईल हो, पण काय बोलाल ते बघा. 'अँड' मोजला तर GAHAL, म्हणजे गहाळ, आणि सोडला तर GHAL, म्हणजे घाल. रोमनमधे ळ नाही आणि र्‍हस्वदीर्घही कळत नाही, त्यामुळं मराठी माणूस ती अक्षरं बघून जवळचा ओळखीचा शब्द पकडतो. मिरजेतल्या बोअरचं सॅम्पल घेतलं, बाटलीवर चिठ्ठी चिकटवली GAHAL-17, की पोरं दुसऱ्या दिवसापासनं 'गहाळ सतरा कुठाय रे' म्हणत हिंडणार, आणि एखादी बाटली खरंच सापडली नाही तर मग बघायलाच नको. शब्दांची उलटापालट करून हायड्रॉलॉजी आधी अन ग्राउंडवॉटर नंतर असंही कुणीतरी सुचवेल, तर ते मुळीच करू नका, पहिली तीन अक्षरं स्वतःच जुळवून वाचा, मी इथं लिहीत नाही.

खरी गोम त्या 'अँड'मधे आहे. वाल्मी घ्या, वॉटर अँड लँड मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट, तिथला A हा अँडचाच आहे, तो काढला तर WLMI उरतं आणि ते कुणाच्याच तोंडात बसत नाही. नागपूरची नीरी म्हणजे नॅशनल एन्व्हायर्न्मेंटल इंजिनिअरिंग रिसर्च इन्स्टिट्यूट, NEERI, तिच्यात अँड नाहीच, सगळी अक्षरं खऱ्या शब्दांची, वर योगायोगानं नीर म्हणजे पाणी. उलट खडकवासल्याची सेंट्रल वॉटर अँड पॉवर रिसर्च स्टेशन, म्हणजे CWPRS, त्यात एकही स्वर नाही, म्हणून अक्षरं सुटी सुटी म्हणावी लागतात. लॅबच्या नावातही स्वर हवेत, पण अँड धरला काय नि सोडला काय, उच्चार बदलता कामा नये, कारण एकजण धरणार आणि दुसरा सोडणार हे नक्की.

मला विचाराल तर हायड्रॉलॉजी काढा. सॅम्पल जर विहिरी-बोअरचीच असतील तर ग्राउंडवॉटरमधे ते आलंच, आणि नदीनाल्यांचं करणार असाल तरच तो शब्द ठेवा, मग मात्र नाव पहिल्यापासनं जुळवायला लागेल. त्याच्या जागी 'रिसर्च' टाका: ग्राउंडवॉटर रिसर्च अँड अ‍ॅनालिसिस लॅब. अँड सोडला तर GRAL, धरला तर GRAAL, दोन्ही वाचताना ग्राल. मराठीत याला काही अर्थ नाही, तेच बरंय. फक्त GRAL बघून कुणी 'ग्रल' म्हणू नये म्हणून बोर्डावर देवनागरीत 'ग्राल' मोठं लिहा.

बाकी कुणी सॉइल, अ‍ॅक्विफर, रिचार्ज, इरिगेशन जोडून SARI सुचवलं तर मोहात पडू नका. उसाच्या पट्ट्यात सरी वाचायला छान वाटतं खरं, पण 2020 साली पेपरात 'सारी' या श्वसनाच्या आजाराचे पेशंट रोज छापून यायचे, ते लोक अजून विसरले नाहीत.