रात्री तीनचा गजर लावायचा का?

ताई, सोलापूरच्या मे महिन्यात रात्री घाम कुणाला येत नाही? पण कूलरसमोर झोपूनही गाऊन मानेपाशी ओला होत असेल, वाईट स्वप्नानं दचकून जाग येत असेल आणि सकाळी डोकं जड असेल, तर उकाड्यावर ढकलू नका; इन्सुलिन घेणाऱ्याची शुगर रात्री फार उतरली तरी असंच होतं.

माझंही असंच झालं होतं. रात्री आठला मिक्स इन्सुलिन घेऊन अर्धी भाकरी खायचो. सकाळी शुगर २१० दिसायची, म्हणून मी डोस वाढवायलाच निघालो होतो. डॉक्टर म्हणाले, आधी रात्री तीनला तपासा. आकडा आला ५८! या इन्सुलिनमधल्या संथ भागाचा जोर साधारण मध्यरात्रीनंतर येतो आणि तेव्हा पोट रिकामं असतं. तीनला आकडा चांगला वा जास्तच निघाला असता, तर कारण वेगळं ठरलं असतं. सकाळच्या आकड्यावरून हे कळत नाही.

म्हणून गजर लावाच, पण रोज नको. आठवड्यातल्या दोन-तीन रात्री, त्यातही जास्त चाललेल्या किंवा कमी जेवलेल्या दिवशी. घामानं जाग आली तर लगेच तपासा. बोट मात्र पुसून घ्या. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. आकडे वहीत लिहून डॉक्टरांना दाखवा, डोस तेच बदलतील. आणि घरच्यांना सांगून ठेवा, शुद्ध हरपली तर तोंडात काही घालायचं नाही, थेट दवाखाना.