लांब लांबच्या रेडिओ डिश मिळून एकच दुर्बीण कशी होते?

प्रश्न: आम्ही कोल्हापूरचे. किलोमीटरभर लांब ठेवलेल्या डिश मिळून एकच मोठी दुर्बीण कशी काय होते?

उत्तर: सगळी मदार वेळेवर आहे. समजा, एक डिश रंकाळ्याकाठी आणि दुसरी साधारण २० किलोमीटरवर, पन्हाळ्यावर. क्वेसार, म्हणजे अतिदूरच्या दीर्घिकेचा झगझगीत गाभा, पन्हाळ्याच्या दिशेला ६० अंश उंचीवर असेल, तर त्याच्या लहरी रंकाळ्याला येताना १० किलोमीटर जास्त चालतात, म्हणजे सुमारे ३३ मायक्रोसेकंद उशीर. पन्हाळ्याचा सिग्नल तेवढाच थोपवून धरायचा आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. पृथ्वी फिरते, त्यामुळे हा उशीर क्षणोक्षणी बदलत राहतो; संगणकाला तो सतत दुरुस्त करावा लागतो. हिशेब चुकला तर दोन्ही सिग्नल जुळतच नाहीत, हाती नुसती खरखर येते. म्हणून आधी ओळखीच्या, ठळक क्वेसारवर जुळणी तपासतात.

एका जोडीतून चित्राचा एकच धागा मिळतो. आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ३० डिश आहेत, म्हणजे ४३५ जोड्या! पृथ्वी फिरेल तशी प्रत्येक जोडी नवा धागा देते. मात्र रंकाळा-पन्हाळ्याच्या जोडीतून बारकावा २० किलोमीटरच्या डिशइतका मिळाला, तरी लहरी गोळा होतात त्या दोनच डिशइतक्या. त्यामुळे अंधूक वस्तूंसाठी तासन्‌तास निरीक्षण करावं लागतं.