सरासरी पेस नव्हे, ओळ वाचा: नव्या रनरच्या अ‍ॅपमधले आकडे

५ किमीचा माझा सरासरी पेस किलोमीटरला ७:२२ मिनिटं. माझ्याबरोबर पळणाऱ्या मित्राचाही जवळपास तेवढाच. तो शेवटी गप्पा मारत येतो आणि माझा चौथ्या किलोमीटरला जीव जातो. स्क्रीनशॉट पाठवतोय. माझं काय चुकतंय? (वय ३४, पुणे)

तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये वर मोठ्या अक्षरात जी सरासरी आहे ती बाजूला ठेवा आणि खालचे स्प्लिट, म्हणजे एकेका किलोमीटरचा वेळ, वाचा: ६:४२, ७:०५, ७:३८, ८:०२, ७:२१. म्हणजे ७:२२ च्या पेसने तुम्ही फक्त शेवटचा किलोमीटर पळालात, तोही घर दिसल्यावर. पहिला आणि चौथा यांत तब्बल ८० सेकंदांचा फरक आहे.

आता त्याच ओळींमधला हार्ट रेट बघा: १४८, १६३, १७१, १७३, १७८. पेस उतरतोय आणि ठोके चढतायत. तिसऱ्या आणि चौथ्या किलोमीटरला तुम्ही हळू झालात ते आराम म्हणून नाही, पाय आणि दम दोन्ही संपत आले म्हणून. खरोखर आराम मिळाला असता तर ठोके खाली आले असते.

पहिल्या ओळीतल्या १४८ ने तुम्हाला फसवलं. पळायला सुरुवात केल्यावर स्नायूंना प्राणवायू लगेच हवा असतो, पण हृदयाचा वेग तेवढ्या झटक्यात वाढत नाही, त्याला दोन-तीन मिनिटं लागतात. त्यामुळे पहिल्या किलोमीटरच्या सरासरीत सुरुवातीचे कमी ठोके मिसळलेले असतात आणि ६:४२ चा पेस ‘झेपतोय’ असं वाटतं. तो झेपत नव्हता, हे दुसऱ्या ओळीतले १६३ सांगतात. दुसरा किलोमीटर २३ सेकंदांनी हळू असूनही ठोके १५ ने वाढलेत.

पुढच्या वेळी हाच रस्ता, हीच वेळ, पण पहिला किलोमीटर ८:०० ते ८:१५ मध्ये करा. लाज वाटेल इतकं हळू वाटेल, आजूबाजूचे काका पुढे जातील, जाऊ द्या. दुसरा-तिसराही तसाच ठेवा आणि उरलेली ताकद चौथ्या-पाचव्यात वापरा. एकूण वेळ कदाचित तुमच्या ३६:४८ पेक्षा थोडा जास्तच येईल. बघायचं ते एवढंच, की तिसऱ्या-चौथ्या ओळीतले ठोके १७० च्या खाली राहिले का. मित्राचे स्प्लिट मागून घ्या, बहुधा सगळे १०-१५ सेकंदांच्या आत असतील.

रस्त्यात चढ असेल तर मात्र हे गणित बदलतं. स्प्लिटशेजारी उंचीचा रकाना असतो. एखादा किलोमीटर चढाचा असेल तर तो हळू येणारच, तिथे पेस सोडून श्वासावर पळा.

माझा केडन्स, म्हणजे मिनिटाला पावलं, १५६ येतो. सगळीकडे १८० पाहिजे असं वाचलं. गाण्याच्या ठेक्यावर १८० पळून बघितलं तर दोन मिनिटांत धाप लागली. (वय २९, ठाणे)

लागणारच. १८० चा आकडा आला कुठून ते आधी बघा. जॅक डॅनियल्स या अमेरिकन प्रशिक्षकांनी १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली. जवळपास सगळ्यांची मिनिटाला १८० किंवा त्याहून जास्त भरली. पण ते जगातले सर्वोत्तम धावपटू होते आणि शर्यतीच्या वेगात होते. तेच लोक सकाळी निवांत जॉग करतात तेव्हा त्यांचाही केडन्स उतरतो. वेग कमी म्हणजे केडन्स कमी, आणि पाय लांब असतील तर आणखी थोडा कमी. १५६ हा हळू पळणाऱ्या नव्या रनरचा अगदी नेहमीचा आकडा आहे.

केडन्स पेसबरोबर वाचला तरच त्यातून काही कळतं. वरच्या पुण्याच्या वाचकांचंच उदाहरण घेऊ. त्यांचा पहिल्या किलोमीटरला केडन्स १६४ आणि पेस ६:४२, म्हणजे सुमारे ११०० पावलांत १ किलोमीटर, एका पावलात ९१ सेंटिमीटर. चौथ्याला केडन्स १५४ आणि पेस ८:०२, म्हणजे सुमारे १२४० पावलं, एका पावलात ८१ सेंटिमीटर. केडन्स ६ टक्क्यांनी घटला, पाऊल ११ टक्क्यांनी आखूड झालं. दमल्यावर पाय मागे जोर लावेनासा झाला, हे त्यातून दिसतं. त्यांना केडन्स वाढवायला सांगून उपयोग नाही, त्यांनी सुरुवात हळू करायची आहे.

तुम्ही केडन्सकडे लक्ष द्यायचं ते एकाच कारणासाठी: पाऊल शरीराच्या फार पुढे पडतंय का? मैत्रिणीला बाजूने व्हिडिओ काढायला सांगा. टाच गुडघ्याच्या बरीच पुढे, पाय जवळजवळ सरळ असताना आपटत असेल, किंवा गुडघा-नडगी दुखत असेल, तर ५ टक्के वाढवून बघा. तुमच्या बाबतीत १५६ चे १६३-१६४. पेस तोच ठेवायचा, पावलं आखूड करायची, म्हणजे गुडघ्यावरचा भार हलका होतो. फोनवर मेट्रोनोम लावून आधी एक-एक मिनिट करा, मध्ये नेहमीसारखं पळा. सगळा रन तसा करायला जाल तर पोटऱ्या धरतील.

आणि अ‍ॅपमध्ये कुणाला ७८ दिसत असेल तर घाबरू नका, ते एकाच पायाची पावलं मोजतंय. दुप्पट करा.

मी कितीही हळू पळाले तरी घड्याळ ‘झोन ४’ म्हणतं. झोन २ मध्ये राहायला गेले तर चालावं लागतं. चालूच का? (वय ४२, मुंबई)

झोन म्हणजे कमाल हार्ट रेटच्या टक्क्यांवरून पाडलेले टप्पे. आधी त्यांच्या सीमा कुणी आखल्या ते तपासू. बहुतेक घड्याळं वय विचारतात आणि २२० मधून वजा करतात. तुमचं १७८ येतं. हे सूत्र मोठ्या गटाच्या सरासरीसाठी आहे. एकेका माणसाचा खरा कमाल हार्ट रेट त्यापेक्षा १०-१२ ठोक्यांनी इकडेतिकडे असणं नेहमीचं आहे, काहींचा त्याहूनही जास्त.

तुम्ही कळवलंय की ५ किमीच्या एका शर्यतीत शेवटच्या टप्प्यात १९१ दिसला. तो क्षणभराचा टोकदार आकडा नसेल आणि आलेख हळूहळू चढत तिथे पोचला असेल, तर तुमची कमाल किमान १९१ आहे, १७८ नाही. सकाळी उठल्या उठल्याचे ठोके तुम्ही ६४ लिहिलेत.

आता तुमचा निवांत जॉग घेऊ, १४४ ठोक्यांचा. १७८ च्या हिशेबाने तो ८१ टक्के, म्हणजे झोन ४. कमाल १९१ धरली तर ७५ टक्के, झोन ३. तिसरी पद्धत आहे कार्व्होनेनची. तीत विश्रांतीचे ठोके वजा करतात: १९१ वजा ६४ म्हणजे १२७ ची जागा, आणि १४४ हे ६४ च्या वर ८०. ८० भागिले १२७ म्हणजे ६३ टक्के, झोन २. जॉग एकच आणि झोन तीन! अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये कमाल आणि विश्रांतीचे ठोके हाताने भरता येतात, आणि ‘हार्ट रेट रिझर्व्ह’ असा पर्याय असला तर तो निवडा. मग तुमचा झोन २ साधारण १४० ते १५३ होईल.

सेटिंग बरोबर बसलं की नाही ते बोलून बघा. झोन २ मध्ये पळताना दोन-तीन पूर्ण वाक्यं न तुटता बोलता आली पाहिजेत. आकडा झोन २ म्हणतोय पण शब्द तुटतायत, तर आकडा चूक. उलट असेल तरी आकडाच चूक.

एवढं करूनही चढावर किंवा शेवटी थोडं चालावं लागलं तर चाला, त्यात काही कमीपणा नाही. दोन गोष्टी मात्र वेगळ्या: बीटा ब्लॉकर गटातली रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ठोके दाबलेले राहतात, हे झोन लागू होत नाहीत. आणि पळताना छातीत दुखलं, चक्कर आली, तर अ‍ॅप बंद करून डॉक्टर गाठा.

पहिल्याच मिनिटात हार्ट रेट १६८ वर जातो आणि तिथेच सपाट राहतो. श्वास तर मस्त असतो. हृदय तपासू का घड्याळ? (वय ३६, नागपूर)

आधी घड्याळ. तुमचा केडन्स १६६-१७० आहे का बघा. मनगटावरचा हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्ताची स्पंदनं टिपतो, पण हात हलण्याची लयही त्याला जाणवते, आणि कधीकधी तो पावलांनाच ठोके समजतो. दोन्ही आलेख एकमेकांवर ठेवा. सिग्नलला थांबल्यावर किंवा चालायला लागल्यावर दोन्ही एकदम कोसळत असतील तर ती पावलंच. खरे ठोके हळूहळू उतरतात.

घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधा. थंडीत निघण्याआधी हात चोळून गरम करा. तरीही तेच झालं तर छातीचा पट्टा घ्या. शंका असलेला रन झोनच्या हिशेबात धरूच नका. नीट बांधून, थांबल्यावर गळ्याजवळची नाडी हाताने मोजूनही ठोके तितकेच आले, तर मात्र डॉक्टरांना दाखवा.

जानेवारीत मुंबई मॅरेथॉनची १० किमी करायची आहे. आठवड्याला चार दिवस पळते. या आकड्यांवरून आठवडा कसा आखू? (वय ३१, वसई)

चारपैकी तीन दिवस पूर्ण निवांत, एक दिवस थोडा वेगाचा. निवांत दिवसाला पेसचं लक्ष्य ठेवायचं नाही, ठोक्यांची वरची मर्यादा ठेवायची, आणि पेस येईल तो घ्यायचा. त्या तिघांतला एक लांब. वेगाच्या दिवशी १० मिनिटं हळू, मग ४ मिनिटं जोरात आणि २ मिनिटं हळू असं चार वेळा, शेवटी परत हळू. इथे ठोके मागून चढतात, म्हणून जोरातल्या तुकड्यांना पेस बघा. चौथा तुकडा पहिल्याइतकाच आला पाहिजे. २० सेकंदांनी घसरला तर पहिला फार जोरात होता.

रन संपल्यावर लांब दिवसाच्या पहिल्या आणि दुसऱ्या अर्ध्याची तुलना करा. पेस तोच असून ठोके दुसऱ्या अर्ध्यात थोडे वाढतातच, कारण घाम जातो, अंग तापतं. फार वाढले तर अंतर किंवा वेग तुमच्यासाठी अजून जास्त आहे. पुढच्या आठवड्यात अंतर वाढवू नका.

वसईची दमट हवा लक्षात ठेवा. ऑक्टोबरमध्ये घाम वाळत नाही आणि त्याच पेसला ठोके जास्त दिसतात. डिसेंबरात हवा जरा कोरडी झाली की तेच ठोके उतरतात आणि आपण फिट झालो असं वाटतं. निम्मं श्रेय हवेचं असतं. म्हणून तुलना करायची तर त्याच महिन्यातली, त्याच वेळची, त्याच रस्त्याची करा.

शर्यतीआधीच्या रविवारी ऑटो-पॉज बंद करून एक रन करा. सिग्नल, पाणी, लेस बांधणं यात अ‍ॅपचं घड्याळ थांबतं, शर्यतीचं थांबत नाही. रोजच्या रनमध्ये मूव्हिंग टाइम आणि एकूण वेळ यांत तीन-चार मिनिटांचा फरक असेल, तर शर्यतीचा पेस ठरवताना एकूण वेळेवरूनच ठरवा.