स्वयंसेवकांच्या निरोपात वेळ एकच हवी

प्रश्न : आमच्या सामुदायिक दौडीला तीस स्वयंसेवक आहेत. लवकर या असं बजावूनही मागच्या वेळी निम्मे जण दौड सुरू व्हायच्या वेळी उगवले. आठवणीचा मेसेज कसा लिहावा?

तुमच्या मेसेजमध्ये बहुतेक दोन वेळा असणार. "दौड ७ वाजता, स्वयंसेवकांनी लवकर यावे." हीच चूक मी दोन वर्षं केली. ७ हा आकडा पोस्टरवर असतो, घरच्यांच्याही तोंडी असतो, त्यामुळे तोच डोक्यात बसतो. आणि "लवकर" म्हणजे कुणाला दहा मिनिटं वाटतात, कुणाला तास.

आधी हजर राहण्याची वेळ उलटी मोजून काढा. दौड ७ ला असेल तर धावणारे ६ पासून नंबर घ्यायला येतात, म्हणजे टेबलं ५:५० ला तयार हवीत. टेबलं मांडायला वीस मिनिटं, कामं समजावायला दहा. तीस जणांची हजेरी घेऊन टोपी-बिल्ला द्यायला एकाच टेबलावर आणखी वीस मिनिटं सहज जातात (हे सगळे विसरतात). झाले ५. पार्किंगवाल्यांना ४:४५ द्या, कारण पहिल्या गाड्या स्वयंसेवकांच्याच येतात.

मग मेसेज असा :

"रविवारी तुमची हजेरी पहाटे ५:०० वाजता, मैदानाच्या मागच्या गेटपाशी. तुमचं काम : नंबर वाटप. ५:२० ला कामाची माहिती सुरू होईल. पोस्टरवरची ७ ची वेळ धावणाऱ्यांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही. उत्तरात तुमची हजेरीची वेळ लिहून पाठवा."

शेवटचं वाक्य गाळू नका. ग्रुपवर अंगठा किंवा "ओके" आलं म्हणजे वाचलं असं नसतं. आकडा लिहायला लावला की घोळ आदल्या दिवशीच कळतो. गेल्या खेपेला आमच्याकडे चौघांनी "७" लिहून पाठवलं होतं! त्या चौघांनाच फोन केले, बाकीच्यांना त्रास दिला नाही. म्हणून मेसेज दोन दिवस आधी आणि प्रत्येकाला वेगळा पाठवा. आदल्या संध्याकाळी फक्त वेळ आणि गेट पुन्हा कळवा.

एक मोह मात्र टाळा. लोक उशिरा येतातच म्हणून ५ च्या ऐवजी ४:३० सांगायची युक्ती एकदाच चालते. वेळेवर आलेले अर्धा तास अंधारात ताटकळतात आणि पुढच्या वेळी तेच सगळ्यात उशिरा येतात. ५ सांगितलं असेल तर ४:५० ला हजेरीच्या टेबलावर तुम्ही स्वतः वही घेऊन बसलेले असा. ५:१० ला वहीत ज्यांच्यापुढे सही नाही त्यांना फोन लावायचा, आणि ५:२० पर्यंत न आलेल्याचं काम राखीव माणसाला देऊन टाकायचं. तीस जणांमागे दोन-तीन राखीव पुरतात. तो नंतर आलाच तर त्यालाच राखीवमध्ये घ्या.