‘निष्काळजीपणा’ हे कारण लिहून अहवाल पूर्ण होत नाही

प्रश्न: शिरोली एमआयडीसीतील आमच्या मशीनशॉपमध्ये सीएनसी लेथवरच्या ऑपरेटरच्या बोटाला चिपने कापले, दोन टाके पडले. सुपरवायझरने कारण लिहिले, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’, आणि उपाय लिहिला, ‘समज दिली’. अहवाल मला पूर्ण करायचा आहे. कसा लिहू?

उत्तर: आमच्याकडेही अगदी असाच अपघात झाला होता, म्हणून त्याचाच तपास सांगतो.

आम्ही जखमी ऑपरेटरला ऑफिसात न बोलावता मशीनपाशी नेले आणि ‘का केलेस’ असे न विचारता ‘कसे केलेस, ते दाखव’ एवढेच म्हटले. स्पिंडल थांबवून, दार उघडून, जॉबभोवती गुंडाळलेली चिप त्याने हाताने ओढली होती. चिप ओढायचा हुक दोन मशीन सोडून पलीकडे होता. इथेच थांबलो असतो, तर ‘हुक वापरला नाही’ एवढे लिहून मोकळे झालो असतो.

पण ट्रेमधल्या चिप पाहिल्यावर खरा धागा सापडला. बिडाच्या जॉबची चिप तुकड्यातुकड्यांनी पडते, तर स्टीलची चिप तुटली नाही तर लांबच लांब आणि धारदार निघते. ट्रेमध्ये हातभर लांबीची वेटोळी होती. (त्यातली एक पिशवीत घालून ठेवा आणि फोटो काढा, कारण शिफ्ट संपली की पुरावा भंगारात जातो.) प्रोग्रॅम तपासला तेव्हा कळले की ग्राहकाने फिनिशबद्दल तक्रार केल्यावर आम्हीच फीड ०.२५ वरून ०.१२ वर आणला होता, इन्सर्ट मात्र तोच ठेवला होता. त्या इन्सर्टचा चिपब्रेकर इतक्या कमी फीडला चिप तोडू शकत नाही. त्यामुळे दर दोन-तीन जॉबमागे दार उघडावे लागत होते आणि दुसऱ्या शिफ्टचा ऑपरेटरही चिप हातानेच काढत होता. माणूस बदलूनही तीच गोष्ट घडत असेल, तर कारण माणसाच्या स्वभावात शोधण्यात अर्थ नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

अहवालात ‘हाताने चिप ओढली’ हे जरूर लिहा, ते लपवू नका. मात्र ती घटना म्हणून लिहा आणि तिच्यापुढे कोणतेही विशेषण लावू नका. कारणांच्या रकान्यात आम्ही लिहिले, ‘फीड बदलताना चिप तुटते की नाही, हे तपासले गेले नाही’, आणि त्याखाली, ‘या मशीनला स्वतंत्र हुक दिलेला नव्हता’.

उपाय म्हणून हातमोजे लिहायचा मोह होईल, पण फिरत्या जॉबजवळ मोजा अडकला तर तो बोटासकट हात आत ओढतो, त्यामुळे तो उपाय आम्ही लिहिला नाही. कमी फीडला चालणारा फिनिशिंगचा इन्सर्ट लावला आणि हुक मशीनच्या दाराशेजारी टांगला. अहवाल मात्र लगेच बंद केला नाही. आठवडाभर दोन्ही शिफ्टमध्ये ट्रेमधल्या चिप पाहिल्या, त्या तुटून पडत आहेत याची खात्री करून घेतली आणि मगच त्यावर सही केली.