ऑपरेशनआधी आर्जिनिन-ओमेगा थ्रीची पावडर: खरंच फरक पडतो का?

प्रश्न: बाबांचं जठराच्या कॅन्सरचं ऑपरेशन १२ दिवसांवर आलंय. चार महिन्यांत वजन ६४ वरून ५६ किलोवर आलं, जेवण निम्म्यावर. आर्जिनिन आणि ओमेगा थ्री असलेली खास पावडर पाच दिवस आधी सुरू करा, इन्फेक्शन होत नाही, असं एका नातेवाइकांनी सांगितलं. घ्यावी का?

उत्तर: घेतली तर चालेल, पण आधी ही पावडर कशाशी ताडून पाहिली गेली ते समजून घ्या. सगळी मेख तिथेच आहे.

मोठ्या ऑपरेशननंतर काही पेशी शरीरातलं आर्जिनिन, म्हणजे प्रथिनांचा एक घटक, झपाट्याने संपवतात आणि त्यावाचून जंतूंशी लढणाऱ्या टी-पेशी मंदावतात. ओमेगा थ्री पेशींच्या आवरणात मुरून दाह सौम्य करतं, आणि मुरायला काही दिवस लागतात. म्हणून ऑपरेशनआधीचे पाच ते सात दिवस. तर्क पटण्यासारखा आहे.

२००२ साली इटलीत पोट-आतड्यांच्या कॅन्सरच्या ३०५ रुग्णांवर चाचणी झाली. पाच दिवस आधी रोज एक लिटर आर्जिनिन-ओमेगा थ्रीचं पेय घेतलेल्यांत इन्फेक्शन सुमारे १४ टक्के, न घेतलेल्यांत ३०. आकडा भारीच. पण त्या दुसऱ्या गटाला जादा पोषण काहीच दिलेलं नव्हतं! मग फायदा आर्जिनिनचा की नुसत्या जादा प्रथिन-उष्मांकाचा? २०१२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये कुपोषणाचा धोका असलेल्या रुग्णांना तेवढ्याच उष्मांक-प्रथिनांचं साधं पेय देऊन तुलना केली, तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. त्याच वर्षी जपानमध्ये जठर काढलेल्या, पण खाऊनपिऊन ठीक असलेल्या रुग्णांतही फायदा आढळला नाही. सगळ्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर इन्फेक्शन कमी होताना दिसतं, मृत्यू मात्र कमी होत नाहीत.

आता बाबांचं. वजन साडेबारा टक्के उतरलंय, हे खरं संकट. अशा वेळी सात ते चौदा दिवस पोषण भरून काढणं महत्त्वाचं मानतात, गरज पडल्यास ऑपरेशन पुढे ढकलूनही. म्हणजे पाच दिवस आधीची वाट न पाहता आजपासून सुरुवात. ५६ किलोला दिवसाला साधारण ७० ते ८५ ग्रॅम प्रथिनं आणि १४०० ते १७०० उष्मांक लागतील. जेवणात जे कमी पडतं ते प्रथिनयुक्त पेयाने भरा. शेवटच्या पाच-सात दिवसांत त्याऐवजी खास पावडर घ्यायची असेल तर हरकत नाही.

नेहमी फसतं ते इथे: पेय पिऊन पोट भरतं, मग माणूस जेवत नाही आणि एकूण बेरीज तिथेच राहते. म्हणून रोजचं खाणं वहीत लिहा, पेय जेवणांच्या मधल्या वेळेत घोट घोट द्या. वहीत आठवडाभर निम्मंच दिसलं किंवा गिळलेलं खाली उतरत नसेल, तर नळीने पोषण द्यायचं का हे सर्जनना विचारा.

आर्जिनिनच्या सुट्या गोळ्या आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घेऊन घरगुती जोड बनवू नका. वरचे आकडे तयार पेयाचे आहेत. ताप किंवा मोठं इन्फेक्शन असेल तर आर्जिनिन डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, कारण त्यापासून बनणारं नायट्रिक ऑक्साइड रक्तवाहिन्या सैलावतं आणि सेप्सिसमध्ये, म्हणजे इन्फेक्शन साऱ्या शरीरावर उलटतं तेव्हा, रक्तदाब आणखी घसरू शकतो. मधुमेह असेल तर पेयातली साखरही सांगून ठेवा.